सहकाऱ्याच्या बढतीची कॅप्शन: खरं काम दिसेल अशी कशी लिहायची

"आमच्या मेहनती, प्रामाणिक आणि नेहमी हसतमुख असणाऱ्या सहकारी अनघा यांची टीम लीडपदी बढती झाली आहे. त्यांच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा!"

कंपनीच्या पेजवर बढतीची बातमी बहुतेक वेळा अशीच लागते. खाली 'अभिनंदन'ची रांग लागते आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात. या कॅप्शनमध्ये अनघाचं नाव काढून दुसऱ्या कुणाचंही घातलं तरी एक शब्द बदलावा लागत नाही. जिने वर्षभर एक अडलेलं काम मार्गी लावलं तिला हे वाचून काय वाटत असेल? आपण काय केलं ते कंपनीला ठाऊकच नाही, असंच वाटणार.

चांगली कॅप्शन लिहिण्यातला मोठा भाग लिहायला बसण्याआधीच असतो. काय झालं ते विचारायचं, त्यातलं एक निवडायचं, ते खरं आहे का ते तपासायचं आणि मग लिहायचं. हे सगळं एकाच उदाहरणावर करून पाहू. समजा, दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या ग्राहक सेवा विभागात अनघा काम करते आणि आता ती त्याच विभागाची टीम लीड होणार आहे. कंपनी आणि अनघा दोन्ही कल्पित आहेत.

आधी तीन गोष्टी पक्क्या करा

बढतीचं पत्र हातात पडलंय का, नवं पद नेमकं काय आहे आणि ते कोणत्या तारखेपासून लागू होतं, हे एचआरकडून लेखी घ्या. तोंडी ऐकलेल्या पदनामावर पोस्ट लिहू नका. 'टीम लीड' आणि 'सीनियर टीम लीड' यातला फरक बाहेरच्याला किरकोळ वाटतो, पण त्याच विभागातल्या दुसऱ्या सीनियर टीम लीडला तो चांगलाच जाणवतो.

दुसरं, विभागात ही बातमी आधी सांगून झालेली हवी. त्याच पदासाठी आणखी कुणी इच्छुक असेल, तर मॅनेजरने त्या व्यक्तीशी समोरासमोर बोलल्याशिवाय पोस्ट टाकायची नाही. आपल्याला पद मिळालं नाही हे पेजवरून कळणं फार लागतं, आणि नंतर कितीही समजावलं तरी ते भरून येत नाही.

तिसरं, अनघाची परवानगी. पोस्ट चालेल का, फोटो कोणता, टॅग केलेलं चालेल का आणि नाव कसं लिहायचं, हे चार प्रश्न तिलाच विचारा. काही जणांना सार्वजनिक पेजवर फोटो नको असतो. त्याचं कारण विचारायची गरज नाही. फोटोशिवायही पोस्ट होते.

माहिती काढताना स्वभाव विचारू नका, काम विचारा

मॅनेजरला "अनघाबद्दल दोन ओळी द्या ना" असा मेसेज टाकला की 'मेहनती, जबाबदार, टीम प्लेयर' असं उत्तर येतं. यात मॅनेजरची चूक नाही. प्रश्नच स्वभावाबद्दलचा आहे, म्हणून उत्तरही तसंच येतं. त्याऐवजी असं विचारा: गेल्या वर्षभरात तुमच्या विभागात कोणतं काम आधी एका पद्धतीने व्हायचं आणि आता वेगळ्या पद्धतीने होतं? त्यात अनघाचा हात कुठे होता? ती महिनाभर रजेवर गेली तर नेमकं काय अडेल?

शेवटच्या प्रश्नाला सहसा खरं उत्तर मिळतं, कारण ते देण्यासाठी मॅनेजरला रोजचं काम डोळ्यांसमोर आणावं लागतं.

मॅनेजरवर थांबू नका. अनघाचं काम ज्याच्या हातात पुढे जातं अशा एका सहकाऱ्याशी बोला. आपल्या उदाहरणात तो रात्रपाळीतला सहकारी आहे. मॅनेजर म्हणाला होता, "अनघाने हँडओव्हर सुधारलं." रात्रपाळीतला सहकारी मात्र सविस्तर सांगतो: "आधी आम्ही आलो की तक्रारीवर नुसतं 'चालू आहे' एवढंच लिहिलेलं असायचं. दुकानदाराचा फोन आला की त्याला सगळं पहिल्यापासून विचारावं लागायचं. तो वैतागायचा. आता चार ओळी असतात, त्या वाचल्या की मी थेट पुढचं बोलतो." कॅप्शनचा जीव या दुसऱ्या उत्तरात आहे. 'सुधारलं' म्हणजे काय, ते इथे डोळ्यांना दिसतं.

मग खुद्द अनघाशी बोला. बहुतेक लोक स्वतःच्या कामाबद्दल संकोचाने बोलतात, त्यामुळे "तू काय केलंस?" विचारलं तर "काही विशेष नाही, टीमनेच केलं" असं उत्तर येईल. त्यापेक्षा "हे करायचं कसं सुचलं?" आणि "या कामात आणखी कोण होतं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नातून मूळ अडचण कळते. दुसऱ्यातून श्रेय कुणाकुणाचं आहे ते कळतं. अनघा सांगते की नोंदीचा पहिला नमुना तिने स्वतःसाठी केला होता, त्यातली 'ग्राहकाला काय सांगितलं' ही ओळ रात्रपाळीच्या सूचनेवरून आली, आणि तक्रार नोंदवायच्या स्क्रीनवर त्या नोंदीला जागा तांत्रिक विभागाने करून दिली. हे शेवटचं मॅनेजरने सांगितलंच नव्हतं. ते कॅप्शनमधून राहून गेलं असतं, तर तांत्रिक विभागातले लोक वाचून गप्प बसले असते आणि पोस्ट त्यांच्यापुरती खोटी ठरली असती.

एकच काम निवडा

आता हातात तीन गोष्टी आहेत. अनघाने हँडओव्हरची नोंद सुरू केली. तिने पाच नव्या लोकांना काम शिकवलं. आणि एका मोठ्या ग्राहकाची चिघळलेली तक्रार तिने दोन दिवसांत मिटवली. तिन्ही लिहायचा मोह होतो, पण तिन्ही लिहिल्या तर प्रत्येकीला एकेक ओळ मिळते आणि पुन्हा यादीच तयार होते.

निवडताना मी एकच कसोटी लावते: हे काम वाचून वाचणाऱ्याला कळतं का, की हीच व्यक्ती याच पदावर का? मोठ्या ग्राहकाची तक्रार ऐकायला सगळ्यात दमदार आहे, पण त्यातून कळतं ते एवढंच की अनघा तक्रारी उत्तम हाताळते. ते तर तिच्या जुन्या पदाचंच काम झालं. टीम लीडला तिन्ही पाळ्यांचं काम एकमेकांना जोडून ठेवायचं असतं. हँडओव्हरच्या नोंदीत अनघाने पद मिळायच्या आधीच तेच केलं होतं, म्हणून ती गोष्ट घ्यायची. नव्यांना शिकवण्याचा उल्लेख शेवटी, पुढच्या जबाबदारीसोबत एका अर्ध्या वाक्यात येऊ शकतो. मोठा ग्राहक पूर्ण गाळायचा. त्याचं नाव घेतलं नाही तरी तो पोस्ट वाचून स्वतःला ओळखेल, आणि आपली तक्रार कुणाच्या बढतीची गोष्ट झाली हे त्याला आवडणार नाही.

आकडा हाती आला की थांबा

मॅनेजरने आकडा दिला आहे: त्याच तक्रारीसाठी पुन्हा येणारे फोन 40 टक्क्यांनी कमी झाले. आकडा दिसला की हात शिवशिवतात, आणि सगळ्यात जास्त गडबडही इथेच होते. म्हणून तक्रारींच्या नोंदी पाहणाऱ्या माणसाकडून त्यामागचे मूळ आकडे मागवा.

समजा ते असे निघाले. नोंद सुरू होण्याआधी दर 100 तक्रारींपैकी 30 तक्रारींवर ग्राहकाचा पुन्हा फोन यायचा. तीन महिन्यांनी तो आकडा 18 झाला. 30 वरून 18 म्हणजे 40 टक्क्यांची घट, हिशेब बरोबर आहे. पण चौकशी केल्यावर कळतं की दुसऱ्या महिन्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि बिल छपाईचा एक जुना दोष त्यात दुरुस्त झाला. म्हणजे घटीचा काही भाग त्या दुरुस्तीचा आहे. नवी आवृत्ती येण्यापूर्वीच्या पहिल्या महिन्यात 30 चे 23 झाले होते. त्या महिन्यात दुसरं काही बदललं नसेल, तर अनघाच्या नोंदीशी जोडता येईल तो इतकाच भाग.

मग 23 हा आकडा छापायचा का? मी छापणार नाही. आतल्या माणसाला ती सुधारणा दिसते, पण बाहेरचा ग्राहक वाचतो की शंभरातल्या तेवीस जणांना पुन्हा फोन करावा लागतो. शिवाय असे आकडे बाहेर द्यायला विभागप्रमुखाची परवानगी लागते, आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत तर जाहीर न झालेला कोणताही व्यावसायिक आकडा वरिष्ठांनी आणि कंपनी सेक्रेटरीने पाहिल्याशिवाय पोस्टमध्ये घालूच नये. इथे 'पहिल्याच महिन्यात कमी झाले' एवढं खरं आहे आणि पुरेसंही आहे. आकडा काढण्याची मेहनत वाया गेली असं समजू नका. ती केली म्हणूनच 'पहिल्याच महिन्यात' हे शब्द खात्रीने लिहिता येतात.

कच्चा मसुदा आणि त्यातल्या गाठी

माहिती हाताशी असूनही पहिला मसुदा सहसा असा उतरतो:

"अनघा यांनी ग्राहक सेवा विभागात आमूलाग्र बदल घडवून आणला. त्यांच्या अथक परिश्रमांमुळे तक्रारींचं प्रमाण तब्बल 40 टक्क्यांनी घटलं. सुट्टीच्या दिवशीही फोन उचलणाऱ्या अनघा आता टीम लीड म्हणून नवी जबाबदारी स्वीकारत आहेत. आमच्या कंपनीत गुणांची कदर होते, याचं हे जिवंत उदाहरण!"

ओळीने पाहू. 'आमूलाग्र बदल' हा दावा एवढा मोठा आहे की त्याखाली चार ओळींची ती नेमकी नोंद दबून जाते. 'तक्रारींचं प्रमाण घटलं' हे चुकीचंच आहे; तक्रारी तेवढ्याच आहेत, पुन्हा येणारे फोन घटले. विभागातल्या कुणीही ही ओळ वाचली की बाकीच्या पोस्टवरचाही त्याचा विश्वास जातो. 40 टक्क्यांचं वर पाहिलंच.

'सुट्टीच्या दिवशीही फोन उचलणाऱ्या' या ओळीवर मी नेहमी काट मारते. कौतुक म्हणून लिहिलेली ही ओळ बाकीच्या सगळ्यांना सांगते की इथे वर जायचं तर सुट्टी सोडावी लागते. रात्रंदिवस राबणं, घरादाराकडे दुर्लक्ष करून काम करणं, आजारी असताना लॉगिन करणं, हे सगळं याच जातीचं. तिने किती तास घातले यापेक्षा त्या तासांत काय उभं राहिलं ते लिहा.

शेवटची ओळ अनघाच्या आनंदात कंपनीची पाठ थोपटते. ती काढली की पोस्ट लगेच मोकळी होते. त्याच पोस्टच्या शेवटी 'आम्ही भरती करत आहोत' असंही चिकटवू नका. भरतीची पोस्ट वेगळी टाका.

आणखी एक तपासणी करा. हीच कॅप्शन पुरुष सहकाऱ्यासाठी लिहिली असती तर हेच शब्द आले असते का? बाईच्या बढतीत 'प्रेमळ', 'सगळ्यांची काळजी घेणाऱ्या', 'घर सांभाळून' हे शब्द चटकन येतात आणि पुरुषाच्या बढतीत निर्णय आणि नेतृत्व येतं. वयाचंही तसंच. 'एवढ्या लहान वयात' लिहिलं की काम मागे पडतं आणि वय पुढे येतं.

पक्की कॅप्शन

लिंक्डइनसाठी मी अशी लिहीन:

"ग्राहक सेवा विभागाच्या नव्या टीम लीड अनघा. ग्राहकाला तक्रार पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागू नये, ही सोय त्यांनी केली.

पाळी बदलली की आधीच्या सहकाऱ्याचं ग्राहकाशी काय बोलणं झालं, ते पुढच्याला कळत नसे. अनघा यांनी चार ओळींची एक नोंद सुरू केली: अडचण काय आहे, आतापर्यंत काय करून पाहिलं, ग्राहकाला काय सांगितलं आणि पुढचा फोन कुणी, कधी करायचा. आधी त्यांनी ती स्वतःच्या पाळीत वापरली, मग रात्रपाळीच्या सूचना घेऊन सुधारली. तक्रारीच्या स्क्रीनवर तिला कायमची जागा तांत्रिक विभागातल्या सहकाऱ्यांनी करून दिली. आज तिन्ही पाळ्या हीच नोंद वापरतात. त्याच तक्रारीसाठी पुन्हा येणारे फोन पहिल्याच महिन्यात कमी झाले.

आता तिन्ही पाळ्यांचं काम आणि नव्या सहकाऱ्यांचं प्रशिक्षण अनघा पाहतील. मनापासून अभिनंदन, अनघा!"

यात एकही विशेषण अनघाला लावलेलं नाही, तरी ती कशी काम करते ते कळतं. स्वतःपासून सुरुवात करते, दुसऱ्याची सूचना घेते, पुढचा फोन कुणी करायचा हे मोकळं सोडत नाही. 'जबाबदार' हा शब्द लिहायची गरजच उरली नाही. आदरार्थी रूप पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सारखं ठेवलंय. मध्येच 'अनघाने' आणि मध्येच 'अनघा यांनी' असं झालं की दोन माणसांनी लिहिल्यासारखं वाटतं.

पहिली ओळ अशी का? इन्स्टाग्रामवर कॅप्शनची साधारण पहिली सव्वाशे अक्षरं दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडतं. लिंक्डइनवरही सुरुवातीच्या काही ओळींनंतर मजकूर दुमडतो. म्हणून पद, नाव आणि काम तिन्ही त्या सुरुवातीच्या भागात यायला हवं. 'आम्हाला कळवताना अत्यंत आनंद होत आहे की' एवढ्यानेच सुरुवात केली तर जागा आनंदातच संपते. मराठीत लिहिताना आणखी एक ध्यानात ठेवा: मोजणीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगवेगळे धरले जातात. 'अनघा' दिसायला तीन अक्षरं, पण मोजणीत चार. वरच्या कॅप्शनचा पहिला परिच्छेद अशा मोजणीने 120 च्या आत बसतो.

एकूण मर्यादा मात्र ऐसपैस आहे. इन्स्टाग्रामला 2,200 आणि लिंक्डइनला 3,000 अक्षरं चालतात, पण ती भरायची म्हणून भरू नका. इन्स्टाग्रामसाठी मी मधला परिच्छेद तीन वाक्यांवर आणीन: अडचण, नोंद, आणि आज कोण वापरतं. छाटताना तांत्रिक विभागाचा उल्लेख आधी जातो, कारण तो गोष्टीच्या कडेला असतो. तो राहू द्या, हवं तर परिणामाचं वाक्य काढा.

जिथे दाखवण्यासारखं काही मिळत नाही

पगारपत्रकं, सुरक्षा, लेखा, कायदेशीर काम अशा विभागांत खरं योगदान गोपनीय असतं किंवा 'काही बिघडलं नाही' असंच असतं. तिथे परिणाम सोडा आणि पद्धत लिहा. "वर्षअखेरीचा हिशेब बंद करण्याची तपासणी यादी त्यांनी लिहून काढली, आणि आता विभागातला कुणीही ती हातात घेऊन काम पूर्ण करू शकतो." यात एकही गोपनीय आकडा नाही, तरी काम दिसतं. मजकूर त्या विभागाच्या प्रमुखाला नक्की दाखवा. काय गोपनीय आहे ते बाहेरच्याला ओळखता येत नाही.

कधी तिघांशी बोलूनही ठोस काही हाती लागत नाही. मॅनेजरच नवा असतो किंवा काम बरंच विखुरलेलं असतं. अशा वेळी साधी दोन ओळींची बातमी द्या: कोण, कुठून, कोणत्या पदावर, अभिनंदन. रचून लिहिलेल्या योगदानापेक्षा ती कितीतरी प्रामाणिक असते. एकाच वेळी पाच-सहा जणांना बढती मिळाली असेल तर प्रत्येकाला एकेक नेमकं वाक्य द्या आणि सगळ्यांची वाक्यं साधारण सारख्या लांबीची ठेवा. एकाला चार ओळी आणि दुसऱ्याला नुसतं नाव, हे लोक लगेच मोजतात.

टाकण्याआधी आणि नंतर

पक्का मसुदा आधी अनघाला दाखवा, मग मॅनेजरला. हा क्रम उलटा केला, तर मॅनेजरने मंजूर केलेल्या मजकुरात बदल सुचवायला ती कचरते. तिला एकच विचारा: यातलं काही जास्त झालंय का, किंवा कुणाचं नाव राहिलंय का? ज्यांचा उल्लेख आहे त्या विभागालाही एकदा वाचायला द्या.

फोटो कामाच्या जागेचा असेल तर मागचा स्क्रीन, फळा आणि टेबलावरचे कागद मोठे करून पाहा. ग्राहकाचं नाव, फोन नंबर किंवा पासवर्डची चिठ्ठी तिथे सहज दिसून जाते. हे आधीच पाहावं लागतं, कारण लिंक्डइन आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे मजकूर नंतर सुधारता येतो, पण एकदा टाकलेल्या फोटोच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. त्यासाठी पोस्ट काढून नव्याने टाकावी लागते आणि खालची सगळी अभिनंदनं जातात. फोटोला पर्यायी मजकूरही लिहा, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांपर्यंत तो पोचतो: 'टेबलाशी बसून हेडफोन लावलेल्या अनघा' एवढं पुरे. टॅग करताना @ नंतर येणाऱ्या यादीतून नाव निवडा आणि प्रोफाइल उघडून खात्री करा. एकाच नावाची अनेक माणसं असतात.

पोस्ट अनघाच्या कामाच्या वेळेत आणि पेज सांभाळणारं कुणीतरी जागेवर असताना टाका. पहिल्या काही तासांत येणाऱ्या कमेंट वाचा. एखादा सहकारी लिहील, "त्या नोंदीत मीही होतो." ते खरं असेल तर कमेंटमध्ये आभार मानून थांबू नका, मूळ मजकुरात त्याचा उल्लेख घाला. एखादा ग्राहक तिथेच स्वतःची अडलेली तक्रार मांडेल. ती पुसू नका. कंपनीच्या नावाने छोटं उत्तर द्या, तक्रार क्रमांक मेसेजमध्ये मागा आणि ती ग्राहक सेवा विभागातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवा. त्या दिवशी ते उत्तर अनघाला द्यायला लावू नका.